लॉकरच्या करारात बँक नेमकी कशाची हमी देते?

1995 च्या मे महिन्यात कोलकात्यातले एक गृहस्थ लॉकरचं भाडं भरायला आणि लॉकर उघडायला बँकेत गेले. तिथे त्यांना कळलं, की त्यांचा लॉकर आठ महिन्यांपूर्वी, 22 सप्टेंबर 1994 रोजीच फोडला गेला आहे आणि दुसऱ्या ग्राहकाला देऊनही टाकला आहे. कारण सांगितलं गेलं ते थकलेल्या भाड्याचं. प्रत्यक्षात भाडं थकलेलं नव्हतंच आणि लॉकर चुकून फोडला, हे पुढे बँकेनंही मान्य केलं. गृहस्थांचं म्हणणं, आत सात दागिने होते. हाती आले दोन, तेही सील नसलेल्या पाकिटात.

हे प्रकरण ग्राहक मंचापासून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 19 फेब्रुवारी 2021 रोजी निकाल लागला. बँकेनं पाच लाख रुपये भरपाई आणि एक लाख रुपये खटल्याचा खर्च द्यावा, असा आदेश झाला. पण उरलेल्या दागिन्यांचं काय? त्यासाठी दिवाणी न्यायालयात वेगळा दावा लावून पुरावा द्या, असं सांगण्यात आलं. म्हणजे सव्वीस वर्षं भांडून निष्काळजीपणाची भरपाई मिळाली, पण लॉकरमध्ये काय होतं हा प्रश्न तसाच राहिला. लॉकरचा करार वाचताना हे प्रकरण डोळ्यांसमोर असावं. करारातली जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची अट तिथे कुठेतरी लागू पडते.

याच निकालात न्यायालयानं रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत नियम करायला सांगितलं. 18 ऑगस्ट 2021 रोजी ते आले आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले. जुन्या ग्राहकांकडूनही नवे करार करून घ्यायचे होते. ती मुदत वाढत वाढत 2023 च्या अखेरीपर्यंत गेली. त्या गडबडीत आपल्यापैकी अनेकांनी शाखेत उभ्या उभ्या, बोट दाखवलं तिथे सह्या केल्या. मूळ प्रत बँकेकडे राहते, पण सह्या झालेली दुसरी प्रत ग्राहकाला मिळायलाच हवी. ती घरात नसेल तर मागून घ्या. पुढचं सगळं ती हातात असेल तरच उपयोगाचं.

भाड्याचं कलम सोपं आहे, लवकर उरकू. भाडं वर्षाचं आगाऊ घेतात आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. मध्येच लॉकर सोडला तर उरलेल्या काळाचं भाडं परत मिळायला हवं. नवा लॉकर देताना बँक मुदत ठेव मागू शकते. पण ती तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडण्याचा खर्च भागेल इतकीच. भाडं तीन हजार असेल तर ही रक्कम दहा-पंधरा हजारांच्या आसपास जाते. 'दोन लाखांची एफडी करा, मग बघू' हे शाखेतलं वाक्य नियमात कुठेही बसत नाही. जुन्या लॉकरधारकाकडे किंवा ज्याचं खातं नीट चालू आहे त्याच्याकडे या ठेवीचा आग्रह धरायचाच नाही, असंही नियम सांगतो.

आता खरा मुद्दा. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच कर्मचाऱ्यानं केलेली फसवणूक, यांपैकी काही घडून लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. एवढ्या एका आकड्यावर हा सगळा करार उभा आहे. वर्षाला 3,000 रुपये भाडं असेल तर तीन लाख. आता आत पाटल्या, मोहनमाळ, ठुशी असं मिळून पंचवीस तोळे सोनं आहे असं धरा आणि हिशेबाला सोपं म्हणून तोळ्याला लाख रुपये भाव धरा. ऐवज झाला पंचवीस लाखांचा आणि करारातला आकडा तीन लाखांचा. उरलेले बावीस लाख तुमच्या जिवावर. लहान गावातल्या शाखेत भाडं 1,500 असेल तर हाच आकडा दीड लाखावर येतो, सोनं तेवढंच असलं तरी. स्वस्त लॉकर म्हणजे तुटपुंजी हमी, हे आपण लक्षातच घेत नाही.

हे अन्यायाचं वाटतं, आणि माझ्या मते काही अंशी ते आहेही. निदान कर्मचाऱ्याच्या फसवणुकीला तरी भाड्याची मर्यादा नको होती. बँकेची बाजू अशी, की आत काय ठेवलंय याची नोंद आम्ही ठेवत नाही, मग पूर्ण किमतीची जबाबदारी कशी घ्यायची? हे खरंच आहे. म्हणून पुरावा आपणच तयार ठेवायचा: सराफाच्या पावत्या, दागिन्यांचे तारखेसह फोटो, वजनासकट यादी, आणि ही यादी लॉकरबाहेर. ती लॉकरमध्येच ठेवणारे लोकही असतात. ऐवजाचा विमा हवा असेल तर तो विमा कंपनीकडून स्वतंत्र घ्यावा लागतो. लॉकरमधल्या वस्तूंचा विमा बँकेनं विकायला मनाई आहे.

नैसर्गिक आपत्ती मात्र शंभरपटीतही नाही. भूकंप, पूर, वीज, वादळ यांत झालेल्या नुकसानीची जबाबदारी बँकेवर नाही. तिनं जागेची योग्य काळजी घ्यावी एवढीच अपेक्षा आहे. सांगली-कोल्हापूरनं 2019 चा आणि चिपळूणनं 22 जुलै 2021 चा पूर पाहिलेला आहे. अशा गावात लॉकर घेताना स्ट्राँग रूम तळमजल्यावर आहे की वर, हे भाड्याच्या आधी विचारावं. आणि रोकड तर ठेवूच नये. बँकांच्या संघटनेनं तयार केलेल्या नमुना करारात लॉकर दागिने आणि कागदपत्रांसाठी आहे, रोख रकमेसाठी नाही, असं स्पष्ट आहे. 2023 मध्ये उत्तर प्रदेशात मुरादाबादला एका महिलेनं मुलीच्या लग्नासाठी लॉकरमध्ये ठेवलेल्या लाखो रुपयांच्या नोटांना वाळवी लागली होती. करारात मनाई असलेली वस्तू ठेवली की भरपाई मागताना आपलाच पाय अडकतो.

बँक लॉकर कधी उघडू शकते? तीन प्रसंगी. तुमची किल्ली हरवली आणि तुम्हीच अर्ज केलात तर. त्याचा खर्च तुमचा. न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश घेऊन सरकारी यंत्रणा आली तर. आणि सलग तीन वर्षं भाडं थकलं तर. या शेवटच्या प्रसंगी बँकेला आधी पत्र, ईमेल आणि एसएमएसनं नोटीस द्यावी लागते. पत्र परत आलं किंवा माणूस सापडलाच नाही तर दोन वृत्तपत्रांत जाहीर नोटीस, एक इंग्रजी आणि एक स्थानिक भाषेतलं. मग बँकेचा अधिकारी आणि दोन स्वतंत्र साक्षीदार यांच्यासमोर लॉकर उघडायचा, चित्रीकरण करायचं, वस्तूंची यादी करायची आणि यादीसह सगळं सीलबंद करून अग्निरोधक तिजोरीत ठेवायचं. कोलकात्याच्या गृहस्थांना सील नसलेलं पाकीट मिळालं होतं हे आठवलं, की या अटी कुठून आल्या ते कळतं.

व्यवहारात गाडी अडते ती पत्त्यापाशी. वाडा पाडून इमारत झाली, मुलाकडे राहायला गेलो, मोबाइल नंबर बदलला. बँकेत मात्र जुनाच पत्ता. भाडं ज्या बचत खात्यातून वळतं होतं त्यात पैसे उरले नाहीत, तर ते कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. नोटीस परत येते आणि वृत्तपत्रातली जाहीर नोटीस अमेरिकेतला मुलगा वाचणार नसतो. भाडं नियमित भरलं तरी सुटका नाही. लॉकर सात वर्षं उघडलाच नाही आणि लॉकरधारकाचा पत्ता लागत नसेल, तर बँक तो उघडून ऐवज नॉमिनीला किंवा वारसाला देऊ शकते, नाहीतर ठरलेल्या पद्धतीनं त्याची विल्हेवाट लावू शकते. त्यामुळे वर्षातून एकदा तरी लॉकर उघडून यावं. उघडलात की त्याच दिवशी संपण्याआधी तारीख-वेळेसह एसएमएस आणि ईमेल यायला हवा. आला नाही, तर बँकेकडचा नंबर चुकीचा आहे असं समजा. आणि तुम्ही गेलाच नव्हता तरी मेसेज आला, तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा. स्ट्राँग रूमच्या दाराशी लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण किमान 180 दिवस ठेवायचं बंधन आहे, त्यानंतर पुरावा राहीलच असं नाही.

नॉमिनीबद्दल घराघरांत गैरसमज आहे. एक उदाहरण धरू. आईच्या एकटीच्या नावावर लॉकर आहे, तीन मुलं आहेत आणि नॉमिनी धाकटा. आई गेल्यावर धाकटा मृत्यूचा दाखला आणि स्वतःच्या ओळखीचा पुरावा घेऊन अर्ज करतो. कोर्टाचा मनाई आदेश नसेल तर बँक त्याच्याकडे वारसा प्रमाणपत्र, प्रोबेट किंवा जामीनदार मागू शकत नाही. साक्षीदारांसमोर लॉकर उघडतो, यादी होते, ऐवज धाकट्याच्या ताब्यात जातो आणि बँकेची जबाबदारी संपते. पण धाकटा मालक झालेला नसतो. तो तिघांच्या वतीनं विश्वस्त असतो. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे वाटणी त्यानं करायची. केली नाही तर भावंडांचं भांडण त्याच्याशी, बँकेशी नाही. त्यामुळे ती यादी फार मोलाची. त्यातही एक खाच आहे: लॉकरमधली बंद किंवा सीलबंद पाकिटं बँकेनं उघडून पाहण्याची गरज नाही. यादीत 'बंद पाकीट एक' एवढंच येऊ शकतं, मग आत कोल्हापुरी साज होता की जुनी पत्रं, हे भावंडांना कधीच कळत नाही. आईनं दागिने डब्यांत नुसतेच ठेवलेले बरे, आणि कुणाला काय ते मृत्युपत्रात लिहिलेलं त्याहून बरं.

1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेत चार नॉमिनी नेमता येतात. ठेवींमध्ये त्यांना टक्केवारीनं वाटा देता येतो, लॉकरमध्ये तसं नाही. इथे चौघं एकामागून एक लागतात. पहिला हयात नसेल तरच दुसऱ्याचा हक्क सुरू होतो. तेव्हा 'तिन्ही मुलांची नावं घातली, आता तिघं मिळून उघडतील' असं समजू नका. पहिल्या क्रमांकाचाच उघडेल. तिघांच्या नावांचा क्रम विचार करून लावा. नवरा-बायकोचा संयुक्त लॉकर असेल तर हयात असलेल्याला एकट्याला तो उघडता येईल, अशी अट फॉर्मवर आहे का ते आवर्जून पाहा. ती नसली तर जोडीदाराला नॉमिनीसोबतच उघडावा लागू शकतो.

हे सगळे नियम बँकांना लागू आहेत. सरकारी, खासगी आणि नागरी सहकारी, सगळ्यांना. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली येत नाहीत. लॉकर पतसंस्थेत असेल तर शंभरपट भाडं, 180 दिवस, तीन वर्षांची नोटीस यांतलं काहीही आपोआप लागू होत नाही. तिथे करारात जे छापलंय तेवढंच, म्हणून तो सही करण्याआधी वाचा.