सात हजार दोनशे चित्रांचा हिशेब

सावंतवाडीच्या गंजिफा रंगवणाऱ्या कारागिरांवर दहा मिनिटांचा अ‍ॅनिमेशन माहितीपट करायचा, तर अनुदानाच्या अर्जात ‘अ‍ॅनिमेशन : एकरकमी’ एवढं लिहून भागत नाही. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी धावतात. एक चित्र दोन चौकटी टिकवलं तरी सेकंदाला 12 चित्रं, म्हणजे एकूण 7200. एक चित्रकार दिवसाला 20 काढतो असं धरलं, तर 360 दिवस. चौघे बसवले की 90. मानधनाचा आकडा इथून निघतो आणि परीक्षकालाही तो पडताळता येतो. गोल पत्त्यावर कुंचला फिरवणं थांबवून कारागीर आपल्याशी बोलत बसतो, त्या बुडालेल्या दिवसाची मजुरी मात्र अंदाजपत्रकात हमखास राहून जाते. प्रेक्षक म्हणून ‘संपूर्ण महाराष्ट्र’ लिहू नका. कोणत्या शाळा, कोणते महोत्सव, किती खुर्च्या, ते लिहा.