आधी अंदाज, मग पाणी

दुसरीतल्या मुलांसमोर पाण्याचा टब ठेवला की हात आपोआप पाण्यात जातात आणि सगळ्या वस्तू मिनिटभरात आत पडतात. मजा होते, पण शिकायचं राहून जातं. म्हणून वस्तू आधी कोरड्या टेबलावर मांडाव्यात. प्रत्येकीने ती हातात घेऊन पाहावी आणि पाटीवर तिच्या नावापुढे ‘बुडेल’ किंवा ‘तरंगेल’ असं लिहावं. टब पारदर्शक असला तर उत्तम. पाणी वीतभर खोल पुरे.

या वयातल्या बऱ्याच मुलांचा हिशोब सरळ असतो: जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं. तो तपासायचा असेल तर वस्तू निवडून घ्याव्या लागतात. एक जाडजूड मेणबत्ती आणि एक रुपयाचं नाणं घ्या. मेणबत्ती नाण्याच्या कित्येक पट जड, त्यामुळे ‘मेणबत्ती बुडेल’ असं पाटीवर सर्रास येतं. पाण्यात मात्र नाणं तळाला जातं आणि मेणबत्ती वर राहते.

इथेच थांबू नये. मेणबत्तीचा नखाएवढा तुकडा काढा, बटाट्याचाही तेवढाच काढा आणि पुन्हा अंदाज लिहून घ्या. तुकडा एवढासा झाला म्हणून बटाटा तरंगेल, असं काहींना वाटतं. तो बुडतोच, आणि मेणाचा तुकडा अख्ख्या मेणबत्तीसारखाच तरंगतो. नुसतं वजन पाहून चालत नाही, वस्तू कशाची आहे तेही पाहावं लागतं, हे मुलांना यातून स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

फसगत होते ती वस्तू टाकण्याच्या पद्धतीत. उंचावरून टाकलेलं प्लास्टिकचं झाकण आधी खाली जातं आणि मग वर येतं. घाईतलं मूल तेवढ्यात ‘बुडालं’ लिहून मोकळं होतं. उलट कोरडी टाचणी अलगद आडवी ठेवली तर पाण्याच्या पृष्ठभागावर तशीच राहू शकते. उपाय सोपा आहे. वस्तू बोटाने पूर्ण पाण्याखाली दाबायची आणि सोडायची. वर आली तर तरंगणारी, खाली राहिली तर बुडणारी.

स्टीलची वाटी या कसोटीला दाद देत नाही. सरळ ठेवली की होडीसारखी तरंगते, दाबली की पाणी भरून तळ गाठते. वाद रंगतो, आणि तो रंगू द्यावा. वाटीसाठी पाटीवर तिसरा रकाना आखणारं मूल अगदी बरोबर करत असतं: धातू बुडणारा आहे, पण पोकळीतल्या हवेसकट वाटी तरंगते.

घनता हा शब्द दुसरीत आणायची गरज नाही. ‘आकाराच्या मानाने जड’ एवढं पुरतं. आणि चुकलेला अंदाज खोडायला लावू नका; त्याच्या शेजारीच प्रत्यक्ष काय झालं ते लिहून घ्या.