कप्प्याला पत्ता हवा

घरून कुर्ती विकणाऱ्यांचा माल आधी पलंगाखाली राहतो, मग कपाटावर चढतो. एखादी खोली मोकळी झाली की रॅक आणले जातात, माल लागतो, आणि तरीही एम मागवणाऱ्या बाईंना एल जातेच. रॅकमुळे जागा मिळते. नेमकी वस्तू हाताला लागायची तर कप्प्याला पत्ता लागतो.

समजा खोली दहा बाय दहाची आहे आणि १२ डिझाइन पाच-पाच साइझमध्ये आहेत, म्हणजे ६० प्रकार. तीन फूट रुंद, पाच फळ्यांचे पाच लोखंडी रॅक दोन भिंतींना लावून प्रत्येक फळीवर तीन कप्पे केले, की ७५ कप्पे होतात. उरलेले पंधरा वाढीव मालाला. सर्वात खालची फळी जमिनीपासून अर्धा फूट वर घ्या, पावसाळ्यात ओल तिथून लागते.

कप्प्यावरच्या लेबलात मालाचं नाव नको, जागा हवी. ख-३-२ म्हणजे ख रॅक, खालून तिसरी फळी, डावीकडून दुसरा कप्पा. तिथे काय आहे ते वहीत. डिझाइन बदललं तरी लेबल बदलावं लागत नाही. आणि एकाच डिझाइनची एम आणि एल शेजारी ठेवू नका, हे मी आग्रहाने सांगेन. घडी घातल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. निळ्या एमशेजारी पिवळी एल असली, तर हात चुकला की लगेच कळतं.

दिवसाच्या ऑर्डरी एकत्र करून यादी पत्त्यांच्या क्रमाने लावा: क रॅकपासून सुरुवात, शेवटच्या रॅकवर शेवट. एकाच फेरीत सगळे नग टोपलीत येतात. मग टेबलावर एका वेळी एकच ऑर्डर घ्यायची: गळ्याजवळचा साइझचा टॅग ऑर्डरशी ताडून पाहायचा, पाकीट बंद करायचं, पत्त्याचं लेबल चिकटवायचं आणि मगच दुसरी. वेळ वाचवायला दहा पाकिटं आधी भरून लेबलं नंतर लावली, की अदलाबदल होते आणि एका चुकीत दोन गिऱ्हाइकं दुखावतात.

चूक कुठे झाली ते मोजणीतून समजतं. रोज पाच कप्पे मोजले तर बारा दिवसांत साठही होतात. एमच्या कप्प्यात वहीपेक्षा एक नग जास्त आणि त्याच डिझाइनच्या एलमध्ये एक कमी निघाला, तर नग उचलताना घोटाळा झाला. मोजणी बरोबर, पण दोघींना एकमेकींचा माल मिळाला असेल, तर तो पॅकिंगच्या टेबलावर झाला. परत आलेला माल मात्र वेगळ्या टोपलीतच राहू द्या. टॅग, डाग आणि शिवण तपासल्याशिवाय तो कप्प्यात गेला, तर वहीत नग विकाऊ दिसेल आणि ऑर्डर आल्यावर हातात वापरलेली कुर्ती येईल.