टायमर मिनिटे मोजतो, पाणी नाही

गच्चीवरील २४ कुंड्यांत आम्ही वांगी आणि टोमॅटो लावले. उन्हाळी सुट्टीत पाणी कोण घालणार, हा प्रश्न होता. म्हणून ठिबकच्या नळ्या टाकल्या आणि टाकीच्या नळावर बॅटरीवर चालणारा टायमर बसवला. ठरलेल्या वेळी 'टक' असा आवाज आला, पण ड्रिपरमधून जेमतेम थेंबच आले. टायमर बिघडला नव्हता. दोष आमच्या निवडीचा होता.

तो टायमर सोलेनॉइड झडपेचा होता. त्याच्या आत रबरी पडदा असतो. विद्युतचुंबक फक्त एक बारीक छिद्र उघडतो. पडदा उचलण्याचे खरे काम पाण्याचा दाबच करतो. प्लंबर ज्याला 'एक किलो दाब' म्हणतात, त्यासाठी पाण्याची पातळी १० मीटर उंच हवी. आमच्या टाकीतील पाणी कुंड्यांपेक्षा दीड मीटरच उंच होते. एवढ्या दाबाने पडदा नीट उघडत नाही, आणि कधी कधी पुरता मिटतही नाही. म्हणून गच्चीवरच्या टाकीसाठी बॉल व्हॉल्व्हचा टायमर घ्यावा. त्यात लहानशी मोटर भोक असलेला गोळा फिरवते, दाब नसला तरी चालतो. झडप उघडताना मोटरची घरघर काही सेकंद ऐकू येते, ही त्याची ओळख.

झडप बदलली, तरी ड्रिपरचा प्रश्न उरतोच. ड्रिपरवर 'ताशी ४ लिटर' लिहिलेले असते, ते एक किलो दाबाला. साध्या ड्रिपरचा प्रवाह साधारणपणे दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. आमचा दाब ०.१५ पट, त्याचे वर्गमूळ सुमारे ०.३९, म्हणजे ताशी दीड लिटरच पाणी. (दाब सांभाळणारे महागडे ड्रिपर इथे घेऊ नयेत. त्यांना याहून बराच जास्त दाब लागतो.)

पण हिशेबावर विसंबू नये. नळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली भांडी ठेवून १५ मिनिटे पाणी धरावे. आम्हाला ३७० आणि ३४० मिलिलिटर मिळाले. शेवटच्या भांड्यात निम्मेच पाणी आले, तर आधी गाळणीची जाळी धुवावी, मग नळीचे टोक उघडून गाळ वाहू द्यावा.

उन्हाळ्यात आमच्या कुंडीला रोज सुमारे एक लिटर पाणी लागत होते. म्हणून सकाळी आणि संध्याकाळी २२ मिनिटे लावली. कुंडीच्या तळातून पाणी वाहू लागले तर वेळ कमी करावी. दोन बोटे खोल माती कोरडी लागली तर वाढवावी. टाकीतील पातळी अर्ध्या मीटरने उतरली की प्रवाह सुमारे एक पंचमांशाने घटतो, तेव्हा टाकी रोज भरली जाईल अशी सोय हवी.

सुट्टीला निघण्यापूर्वी बॅटरी नवी घालावी. झडप उघडी असताना बॅटरी संपली, तर बॉल व्हॉल्व्ह तसाच उघडा राहतो आणि २४ ड्रिपरमधून ताशी सुमारे ३५ लिटर पाणी टाकी रिकामी होईपर्यंत वाहत राहते.