सातव्या माणसाची गाडी

सात आसनी गाडी घ्यायला शोरूममध्ये बहुतेक वेळा दोघंच जातात, आणि चक्करही मारतात दोघं, सोबत विक्रेता. गाडी अर्थातच हलकी फुलासारखी पळते. आमच्या घरात आई-बाबा, मी, बायको, धाकटा भाऊ, भावजय आणि तेरा वर्षांचा पुतण्या. वर्षातून दोनदा आम्ही सगळे कुंभार्ली घाटाने गुहागरला जातो. म्हणून तिसऱ्यांदा शोरूममध्ये गेलो ते सातही जण, चार बॅगा घेऊन. विक्रेत्याचा चेहरा पडला, पण दार उघडलं त्याने.

चाचणी मागून पुढे घ्यायची, हे तिथे कळलं. सगळे पुढे ऐसपैस बसून उरलेली जागा मागच्याला दिली, तर प्रत्येक गाडी नापास होते. आधी पावणेसहा फुटी भाऊ शेवटच्या रांगेत बसला, मग त्याचे गुडघे मोकळे राहतील इतकीच मधली सीट मागे सरकवली. मधे आई बसली, तिला पुरतं का ते पाहिलं. गुडघ्यांच्या जागेपेक्षा मला मांड्यांची जागा महत्त्वाची वाटते. तिसऱ्या रांगेत बैठक जमिनीपासून फारशी उंच नसते, त्यामुळे गुडघे छातीकडे येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. पाच मिनिटांत हे जाणवत नाही. अर्धा तास बसा.

मांडणीतही एक मेख आहे. एर्टिगात दोन-तीन-दोन अशी बैठक असते. सात जणांच्या इनोव्हा क्रिस्टात मधे दोन कॅप्टन सीट आणि मागे तिघांचा बाक. आईला कॅप्टन सीट फार आवडली, पण मग तीन माणसं मागे. एर्टिगात भाऊ आणि पुतण्या एवढेच मागे जातात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मागे जायचंच नाही, हे धरून चाललो.

आता डिकी. सातही सीट उभ्या असताना एर्टिगाची डिकी 209 लिटरची, क्रिस्टाची 300. ट्रायबरची 84, म्हणजे एक-दोन पिशव्या. मोठी प्रवासी बॅग एकटीच शंभर लिटरच्या आसपास जागा खाते. 209 मध्ये आमच्या दोन मध्यम बॅगा उभ्या राहिल्या, कडेला एक पिशवी. चौथी बॅग भावाच्या मांडीवर. एर्टिगाच्या सीएनजी गाडीत सिलिंडर डिकीतच असल्याने हेही गणित मोडतं. टपावर कॅरियर लावता येतो, पण तो किती किलो पेलतो हे पुस्तिकेत पाहायचं. वर ठेवलेलं ओझं वळणावर गाडी झुलवतं.

खरी परीक्षा परतीच्या वाटेवर. जाताना घाट उतरायचा असतो. येताना चढायचा, तेही नारळ, तांदूळ, कोकमं भरून. आमचं वजन 430 किलो, बॅगा 70, कोकणचा मेवा 50. साडेपाचशे किलो झाले. रिकामी एर्टिगा साधारण बाराशे किलोची, म्हणजे जवळपास निम्मं ओझं वर. कंपनीने दिलेल्या एकूण वजनाच्या मर्यादेतून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की आपल्याला किती लादता येतं ते निघतं. हे सहसा कोणी करत नाही.

पण इंजिन दमतं का? पंधरात एक चढावर साडेसतराशे किलोची गाडी ताशी तीस वेगाने न्यायला मोजून पंधरा-सोळा अश्वशक्ती लागते. एर्टिगाचं पेट्रोल इंजिन शंभरावर देतं. अडतं ते दुसरीकडे. त्याचा पूर्ण जोर, 137 न्यूटन मीटर, 4400 फेऱ्यांना मिळतो. क्रिस्टाचं डिझेल 1400 फेऱ्यांपासूनच 343 देतं. त्यामुळे घाटात पोफळीच्या वर एखाद्या वळणावर समोरून एसटी आली, आपण थांबलो, की पेट्रोल गाडीला पुन्हा उठताना आवाज करू द्यावा लागतो. लोक उलट करतात. इंजिन ओरडू नये म्हणून हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतात. मग जळका वास येतो आणि आपण म्हणतो, इंजिनवर ताण आला. जळतो तो क्लच. हँडब्रेकवर गाडी धरायची, पहिल्या गिअरमध्ये उचलायची, क्लच पूर्ण सोडायचा. इंजिन खडखडलं किंवा गाडी धडधडत मेल्यासारखी ओढू लागली, तर गिअर वरचा पडलाय. खाली आणायचा.

क्रिस्टा घाटात निर्विवाद सरस. पण किंमत सुमारे दुप्पट, आणि वर्षातले साडेतीनशे दिवस गाडीत दोघं-तिघंच बसणार. आम्ही एर्टिगा घेतली, पेट्रोल. निघण्याआधी मागच्या टायरची हवा दारावरच्या पट्टीत भरल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याला आणतो. मागे वजन पडून पुढचे दिवे वर बघू लागतात, तेही संध्याकाळ होण्याआधी खाली करून घेतो.

तांदळाचं पोतं मात्र आता ट्रान्सपोर्टने येतं. भावाच्या मांडीवरची बॅग अजून गेलेली नाही.