निधनाचा ईमेल पाठवण्याआधी

सकाळी टीमच्या व्यवस्थापकाला सहकाऱ्याच्या घरून फोन येतो: रात्री अचानक गेले. त्या क्षणी ईमेल लिहायला बसू नये. आधी घरच्यांना हळुवारपणे विचारावं, ऑफिसात काय सांगितलेलं चालेल? कारण उघड करायचं नसेल, तर ‘आकस्मिक निधन’ एवढंच लिहावं. तर्काला वाव देणारा शब्द नको.

मग त्यांच्यासोबत रोज डबा खाणाऱ्या दोघा-तिघांना फोन. त्यांना ही बातमी पडद्यावर वाचायला लावणं मला क्रूर वाटतं.

ईमेल चार-पाच ओळींचा पुरतो. निधन झाल्याचं पहिल्याच वाक्यात, पूर्ण नावासह. पुढे आज कोणत्या बैठका रद्द आणि कोणाशी बोलता येईल. अंत्यदर्शनाची वेळ घरच्यांनी होकार दिला तरच. त्यांचं काम कोणाकडे जाणार, हे या ईमेलमध्ये मुळीच नको. ते दोन दिवसांनी समोरासमोर बोलावं.

पाठवण्यापूर्वी पत्त्यांची यादी तपासावी. टीमच्या सामायिक पत्त्यात गेलेल्या व्यक्तीचंही खातं असतं, आणि त्यांचा फोन आता बहुधा घरच्यांच्या हातात असतो. वाढदिवसाचे आपोआप जाणारे संदेशही त्याच दिवशी बंद करवून घ्यावेत.