व्यावहारिक लेखन : गणेशोत्सवातील रजेचा अर्ज

अर्जलेखनाचा सर्वसाधारण आराखडा आपल्या परिचयाचा आहे. येथे आपण त्याचा एकच प्रकार बारकाईने पाहणार आहोत : गणेशोत्सवासाठी मूळ गावी जाणाऱ्या कर्मचाऱ्याने आपल्या आस्थापनेकडे करावयाचा रजेचा अर्ज. आपल्यापैकी अनेकांनी असा अर्ज प्रत्यक्ष केलेला असेल. तरीही मागील वर्षीचाच अर्ज तारखा बदलून पुन्हा द्यावा, असा हा विषय नाही. तसे का, ते आधी पाहू.

‘रजा’ आणि ‘सुट्टी’ हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो. अर्जात मात्र त्यांतील भेद पाळावा लागतो. सुट्टी आस्थापना जाहीर करते, ती सर्वांना असते. रजा कर्मचारी मागतो आणि अधिकारी मंजूर करतो. म्हणून ‘मला आठ दिवसांची सुट्टी हवी आहे’ हे वाक्य केवळ बोलीतले आहे असे नव्हे, तर त्यातून हिशेबाचा घोळही होतो. कारण त्या आठ दिवसांत सुट्ट्या धरल्या आहेत की नाहीत, हे वाचणाऱ्यास कळत नाही.

आता हिशेब कसा करावा ते पाहू. ज्या घरी दीड किंवा पाच दिवसांचा गणपती असतो, त्यांचे काम सोपे आहे. परंतु कोकणात अनेक घरी गणपतीचे विसर्जन गौरींबरोबर होते, आणि गौरींचे दिवस तिथीवर नव्हे, तर नक्षत्रावर ठरतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन होते. त्यामुळे चतुर्थीपासून विसर्जनापर्यंतचे दिवस दरवर्षी सारखे येत नाहीत. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि गौरी-विसर्जन १२ सप्टेंबरला, म्हणजे सहाव्या दिवशी झाले. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि विसर्जन २ सप्टेंबरला, म्हणजे सातव्या दिवशी. पंचांग न पाहता जुन्याच अर्जावरून दिवस मोजणाऱ्यास ऐन विसर्जनाच्या दिवशी कामावर हजर राहण्याची वेळ येऊ शकते.

२०२५ सालचेच उदाहरण घेऊ. ठाण्यातील एका खासगी माल-वाहतूक कंपनीत लेखा विभागात काम करणाऱ्या एका लिपिकाचे मूळ घर राजापूर तालुक्यात आहे. रविवारी साप्ताहिक सुट्टी आणि चतुर्थीची कंपनीची सुट्टी. सोमवार, २५ ऑगस्टला काम संपवून तो रात्रीच्या गाडीने निघेल. मंगळवारी हरतालिका, त्या दिवशी मूर्ती घरी आणावयाची आहे. मंगळवार, २ सप्टेंबरला विसर्जन, बुधवारी परतीचा प्रवास आणि गुरुवार, ४ सप्टेंबरला कामावर हजर. म्हणजे अनुपस्थिती २६ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर अशी नऊ दिवसांची झाली. त्यातून बुधवार, २७ ऑगस्टची सुट्टी आणि रविवार, ३१ ऑगस्ट वजा केल्यास रजा सात दिवसांची होते. मात्र रजेच्या मध्ये येणारी सुट्टी रजेत धरावयाची की नाही, हे त्या त्या आस्थापनेच्या नियमांत पाहूनच ठरवावे.

दुसरा प्रश्न रजेच्या प्रकाराचा. दुकानांना व कार्यालयांना लागू होणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा मिळते, पण ती तिमाहीनुसार खात्यावर जमा होते. ऑगस्टपर्यंत वर्षाची सगळी रजा जमा झालेली नसते आणि जमा झालेल्यातील काही खर्चही झालेली असते. शिवाय पुढे आजारपण आले तर हाताशी काही उरावयास हवे. म्हणून सलग सात दिवसांसाठी कामाच्या दिवसांवर मिळणारी अर्जित रजा मागणे अधिक शहाणपणाचे. अर्जात ‘माझ्या खात्यावरील शिल्लक रजेतून’ असे मोघम लिहिले, तर कोणत्या खात्यातून ती वजा करावयाची हे दुसराच कोणी ठरवतो.

अर्ज केव्हा द्यावा, यास कोकणच्या गाड्यांचे वेळापत्रक कारणीभूत ठरते. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. २५ ऑगस्टच्या गाडीचे २६ जूनला. लेखी मंजुरीची वाट पाहिल्यास तिकीट जाते, आणि तिकीट काढून मग अर्ज दिल्यास अधिकाऱ्यास आपल्याला गृहीत धरल्यासारखे वाटते. म्हणून जूनमध्ये तोंडी कल्पना द्यावी आणि त्याच आठवड्यात अर्ज द्यावा. तिकीट काढले आहे, ही गोष्ट मात्र रजेचे कारण म्हणून लिहू नये.

कारण कसे लिहावे? ‘गणेशोत्सवानिमित्त गावी जावयाचे असल्याने’ हे खरे असले, तरी अपुरे आहे. कार्यालयात कोकणातले पाच जण असतील, तर पाचही अर्जांत हेच वाक्य असते आणि अधिकाऱ्यास निवड करता येत नाही. घरात आपल्यावर कोणती जबाबदारी आहे, ते एका वाक्यात सांगावे. भक्तिभावाचे वर्णन येथे नको.

पुढील नमुना पाहा :

दिनांक : २७ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, लेखा विभाग,
अबक माल वाहतूक कंपनी, ठाणे.

विषय : दि. २६ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर २०२५ या कालावधीत सात दिवसांची अर्जित रजा मिळण्याबाबत.

महोदय,
माझ्या मूळ घरी, राजापूर तालुक्यात, गौरी-गणपतीचा उत्सव असतो. वडिलांच्या प्रकृतीमुळे या वर्षी प्रतिष्ठापनेपासून विसर्जनापर्यंतची पूजा माझ्याकडे आहे. विसर्जन मंगळवार, दि. २ सप्टेंबर रोजी आहे. त्यासाठी दि. २६ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर (दोन्ही दिवस धरून) या कालावधीत, दि. २७ व ३१ ऑगस्टच्या सुट्ट्या वगळून, सात दिवसांची अर्जित रजा मंजूर करावी, ही विनंती. मी गुरुवार, दि. ४ सप्टेंबर रोजी कामावर हजर होईन.
ऑगस्टची वाहतूक-बिले मी २५ तारखेपर्यंत नोंदवून देईन. त्यानंतरची बिले नोंदवण्यास माझ्या शेजारच्या मेजावरील सहकाऱ्यांनी संमती दिली आहे. ७ सप्टेंबरपर्यंत भरावयाच्या करकपातीच्या चलनाचे काम मी परत आल्यावर पूर्ण करीन.

आपला विश्वासू,
(स्वाक्षरी)
अ. ब. क., लिपिक

यातील दुसरा परिच्छेद निर्णायक आहे. लेखा विभागात महिनाअखेर ही अडचणीची वेळ, आणि हा उत्सव नेमका तिच्यावर आला आहे. अधिकाऱ्याच्या मनात येणारी शंका अर्जदाराने स्वतःच उचलून तिचे उत्तर तारखेसह दिले आहे. ‘माझ्या गैरहजेरीत कामाचा खोळंबा होणार नाही’ या नेहमीच्या वाक्याने हे साधत नाही. ‘दोन्ही दिवस धरून’ हे शब्दही वगळू नयेत. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ यांचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो.

‘पूर्ण रजा शक्य नसल्यास निदान तीन दिवस द्यावी’ असे काही जण नम्रतेपोटी लिहितात. माझ्या मते ते लिहू नये. लिहिल्यास तीनच दिवस मिळतात. ती तडजोड बोलण्यासाठी राखून ठेवावी. ‘कृपाभिलाषी’, ‘आपला आज्ञाधारक’ ही अखेरही आता खासगी आस्थापनांत अवघडल्यासारखी वाटते. ‘आपला विश्वासू’ पुरेसे आहे.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि मंजुरी लेखी मिळेपर्यंत ती सांभाळावी. घाट बंद पडल्याने वा गाडी रद्द झाल्याने परतणे लांबले, तर त्याच दिवशी कार्यालयास कळवून वाढीव रजेचा स्वतंत्र अर्ज करावा. त्यात मूळ अर्जाची तारीख ‘संदर्भ’ म्हणून द्यावी आणि पुन्हा हजर होण्याची नवी तारीख लिहावी.